‘माणूस काढ’ म्हटल्यावर आपण नेमकं काय मोजतो?

बालमानसशास्त्रात किंवा शिक्षणशास्त्रात संशोधन करायचं ठरवलं की मुलांची चित्रं हा विषय फार सोपा वाटतो. कागद आणि खडू कुठेही मिळतात, मुलं आनंदाने काढतात, आणि टप्पे तर पाठ्यपुस्तकात छापलेलेच असतात. पण त्या टप्प्यांच्या तक्त्यामागे सुमारे सव्वाशे वर्षांचा एक वाद आहे, आणि तो माहीत नसेल तर तुम्ही गोळा केलेल्या शंभर चित्रांचा अर्थ लावताना तुमची गाडी अडणार. म्हणून आज त्या वादाचा इतिहास सांगतो. त्यातला एक महत्त्वाचा मुक्काम बडोद्याला आहे, आणि शेवटचे प्रश्न आपल्या नाशिक जिल्ह्यात येऊन थांबतात.

आधी टप्पे थोडक्यात पाहू. व्हिक्टर लोवेनफेल्डने १९४७ च्या पुस्तकात मांडलेली विभागणी आजही बी.एड.च्या वर्गांत शिकवली जाते. साधारण दोन ते चार वर्षांपर्यंत रेघोट्या. आधी हात नेईल तिकडे जाणाऱ्या, मग ताब्यातल्या, मग नाव दिलेल्या, म्हणजे काढून झाल्यावर मूल सांगतं की ‘ही आई’. चार ते सात या वयात पहिली माणसं येतात. एक मोठा गोल, त्यात डोळे, आणि गोलालाच खालून चिकटलेले दोन पाय. पोटाचा पत्ता नसतो. बेडूकमाशासारख्या दिसणाऱ्या या आकृतीला अभ्यासक बेडूकमाशाचंच नाव देतात. सात ते नऊमध्ये मुलाचा एक ठरलेला साचा तयार होतो. माणूस असाच, घर असंच, खाली जमिनीची रेघ आणि वर आकाशाची पट्टी. त्यानंतर तपशील, एकमेकांना झाकणाऱ्या वस्तू आणि दूर-जवळचं भान येतं, आणि बारा-तेराच्या आसपास चित्र ‘दिसतं तसं’ व्हायला लागतं.

हा क्रम बऱ्याच अंशी खरा आहे. वाद क्रमाचा नाहीच. एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर जाताना मुलाच्या डोक्यात काय बदलतं, हा वादाचा मुद्दा आहे.

सुरुवात इटलीत झाली. कोर्राडो रिच्ची हा कलेचा इतिहासकार. १८८२ च्या हिवाळ्यात बोलोन्या शहरात पावसापासून आडोसा म्हणून तो एका कमानीखाली उभा राहिला, आणि भिंतीवर पोरांनी काढलेल्या आकृत्या त्याच्या नजरेत भरल्या. त्यातून १८८७ मध्ये त्याचं मुलांच्या कलेवरचं छोटं पुस्तक निघालं. त्याचं म्हणणं असं की मूल वस्तूचं दृश्य काढत नाही, ते वस्तूचं वर्णन करतं. माणसाला दोन हात असतात, मग बाजूने उभ्या माणसालाही दोन्ही हात पूर्ण दाखवायचे. घोड्यावर बसलेल्या माणसाचे दोन्ही पाय एकाच बाजूला दिसले तरी चालेल, पण दोन्ही हवेत.

फ्रान्समधल्या जॉर्ज-आन्री ल्यूके याने हेच निरीक्षण नेटाने पुढे नेलं. त्याने आपल्या मुलीची, सिमोनची, चित्रं वर्षानुवर्षं जपली आणि १९१३ मध्ये त्यांच्यावर प्रबंध लिहिला. १९२७ च्या पुस्तकात त्याने चार अवस्था सांगितल्या. पहिलीत रेघोटीत योगायोगाने काहीतरी सापडतं. दुसरीत मुलाला खरंखुरं काढायचं असतं पण ते जमत नाही, भाग सुटे सुटे पडतात. तिसरीत मूल जे माहीत आहे ते काढतं, याला तो बौद्धिक वास्तव म्हणतो. चौथीत ते दिसतं तसं काढतं, हे दृश्य वास्तव.

तिसरी अवस्था आपल्या ओळखीच्या उदाहरणाने समजून घ्या. सहा-सात वर्षांच्या मुलाला रामकुंड काढायला सांगितलं तर पुष्कळदा मधे पाण्याचा चौकोन येतो आणि चारही बाजूंच्या पायऱ्या बाहेर उलगडून आडव्या पडतात, जणू वरून पाहिलंय. पण काठावरची माणसं आणि देवळं मात्र समोरून पाहिल्यासारखी. एका जागी उभं राहून असं दृश्य कुणालाही दिसत नाही. तरीही पायऱ्या चारही बाजूंना आहेत, देवळाला कळस आहे, माणसाला दोन पाय आहेत, ही सगळी माहिती कागदावर बरोबर उतरलेली असते. ल्यूकेच्या मते ही चूक नव्हेच, ती चित्र काढण्याची एक वेगळी रीत आहे. पुढे पियाजे आणि इनेल्डर यांनी १९४८ मध्ये मुलांच्या अवकाशाच्या कल्पनेवर लिहिताना ल्यूकेच्याच अवस्था घेतल्या, आणि ‘मूल माहीत असलेलं काढतं’ हे वाक्य मानसशास्त्रात पक्कं झालं.

आता त्या वाक्यातून निघणारा पुढचा तर्क बघा. मूल माहीत असलेलं काढत असेल, तर चित्रातले तपशील मोजून त्याला किती माहीत आहे हे मोजता येईल. अमेरिकेत फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९२६ मध्ये नेमकं हेच केलं. न्यू जर्सीतल्या पर्थ अँबॉय गावच्या शाळांतल्या मुलांना त्यांनी ‘एक पुरुष काढ, जितका चांगला जमेल तितका’ असं सांगितलं. पुरुषच का? तर बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांत फार विविधता असते, पुरुषांचा पोशाख त्या मानाने एकसारखा असतो म्हणून. चित्राच्या सौंदर्याला गुण नाहीत. ५१ बाबींची यादी आहे आणि प्रत्येक बाब आहे किंवा नाही, एवढंच बघायचं. गुणांचं वयात रूपांतर करण्याचा हिशेबही सोपा आहे. आधार तीन वर्षांचा धरायचा आणि प्रत्येक गुणाला तीन महिने, म्हणजे चार गुणांना एक वर्ष मिळवायचं. आलेल्या मानसिक वयाला खऱ्या वयाने भागून शंभरने गुणलं की बुद्ध्यंक.

हा हिशेब एकदा हातानेच करून बघू, कारण खरी गोम त्याच्यातच आहे. समजा, साडेसहा वर्षांच्या मुलाने आपल्या आजोबांचं चित्र काढलं. डोकं, पाय, हात आणि धड यांचे चार गुण. धड रुंदीपेक्षा लांब आहे, पाचवा. हात-पाय धडालाच जोडलेत, सहावा. मान आहे, सातवा. डोळे, नाक, तोंड आणि कान यांचे आणखी चार, झाले अकरा. बोटं आहेत, बारा. अंगावर कपडा दिसतो, तेरा. टोपी आणि सदरा अशा दोन गोष्टी आरपार न दिसता काढल्यात, चौदा. आजोबा धोतरात आहेत, पायात काही नाही. चौदा गुण म्हणजे साडेतीन वर्षं, अधिक आधाराची तीन, मानसिक वय साडेसहा. बुद्ध्यंक बरोबर १००.

दुसऱ्या दिवशी त्याच मुलाने शाळेतल्या सरांचं चित्र काढलं. चेहरा, हात, बोटं सगळं तेच. फक्त आता पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँट, पट्टा आणि बूट आहेत. गुडइनफच्या यादीत एक बाब अशी आहे की बाह्या आणि पँट दोन्ही दाखवलेली असावीत आणि चित्रात कुठेही आरपार दिसू नये. तिचा एक गुण वाढला. आणखी एक बाब म्हणजे पोशाखाच्या किमान चार वस्तू स्पष्ट असाव्यात. तिचाही वाढला. सोळा गुण, मानसिक वय सात, बुद्ध्यंक सुमारे १०८. एका रात्रीत मुलाची बुद्धी वाढलेली नाही, चित्रातल्या माणसाने कपडे बदललेत. धोतर नेसलेल्या आजोबांना बाह्या-पँटचा गुण मिळण्याची सोयच यादीत नव्हती.

हा प्रश्न गुडइनफ यांच्यापासून लपून राहिला नाही. वेन डेनिस यांनी १९४२ मध्ये अमेरिकेतल्या होपी आदिवासी मुलांवर हीच चाचणी केली, तेव्हा मुलग्यांचे गुण मुलींपेक्षा स्पष्टपणे जास्त आले. गोऱ्या मुलांमध्ये असा फरक नव्हता. उलगडा असा की होपी समाजात चित्रकाम आणि रंगकाम हे पुरुषांकडे असतं आणि मुलगे ते जवळून बघत वाढतात. म्हणजे गुणांमध्ये सराव आणि परंपरा मिसळलेली होती. १९५० मध्ये गुडइनफ आणि डेल हॅरिस यांनी मिळून तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला आणि संस्कृतीपासून मुक्त अशी चाचणी शोधणं हा भ्रम आहे, असं स्वच्छ म्हटलं. स्वतःच्याच चाचणीबद्दल इतकं स्पष्ट लिहिणारे लोक थोडेच. १९६३ च्या सुधारित आवृत्तीत हॅरिस यांनी पुरुषासाठी ७३ आणि स्त्रीसाठी ७१ बाबी ठेवल्या, आणि ‘बुद्धिमत्ता’ऐवजी ‘बौद्धिक परिपक्वता’ असा सावध शब्द वापरला.

आपल्याकडचं काम याच सुमाराला उभं राहिलं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या प्रमिला फाटक यांनी भारतीय मुलांसाठी माणूस-चित्राची स्वतंत्र मापनपट्टी तयार केली आणि हॅरिसच्या सुधारित पट्टीशी तिची तुलनाही केली. बाळांच्या वाढीच्या बेली मापनपट्टीचं भारतीय रूप घडवण्यामागेही त्यांचंच नाव आहे, आणि आजही आपल्याकडच्या बालविकास केंद्रांत ती पट्टी वापरली जाते. माणूस-चित्राच्या बाबतीत त्यांच्या कामाचं महत्त्व असं की नुसतं सूचनेचं भाषांतर करून चाचणी ‘भारतीय’ होत नाही, हे त्यांनी गृहीत धरलं. इथल्या मुलांची चित्रं घ्यायची, कोणती बाब इथे कोणत्या वयात येते ते पाहायचं, आणि मग गुणांचे तक्ते इथल्या वयोगटांवरून बांधायचे. प्रमाणीकरण म्हणतात ते हेच.

भाषांतराची अडचण तुम्हालाही येणार आहे. मराठीत ‘माणूस काढ’ म्हटलं तर मूल बाईसुद्धा काढू शकतं, आणि ते चूक नाही, कारण आपल्या बोलण्यात ‘बाई माणूस’ असतंच. ‘पुरुष काढ’ म्हटलं तर पाच वर्षांच्या पोराला तो शब्द परका वाटतो. ‘बाबा काढ’ म्हटलं तर ते ठरावीक व्यक्तीचं चित्र होतं, आणि मूल मिशी-चष्म्यासारख्या खुणांवर भर देतं. यातलं काय निवडाल ते निवडा, पण सगळ्या मुलांना तेच, त्याच शब्दांत सांगा आणि प्रबंधात ते शब्द जसेच्या तसे लिहा.

स्थानिक प्रमाणकांनी कपड्यांचा प्रश्न सुटतो. चित्राच्या रीतीचा प्रश्न सुटतो का? इथे आपल्या जिल्ह्याकडे या. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागात वारली आणि कोकणा समाजाची गावं आहेत. वारली चित्रातला माणूस सगळ्यांना माहीत आहे. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे धड, वर छोटा गोल म्हणजे डोकं, आणि एकेका रेघेचे हात-पाय. जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आता त्या रीतीची एक आकृती गुडइनफच्या यादीला लावून बघा. डोकं, हात, पाय, धड, धडाची लांबी, खांदे, जोड, मान यांचे गुण मिळतात. डोळे, नाक, तोंड, बोटं, कपडे यांचे नाहीत. हात-पाय एका रेघेचे, म्हणून त्यांना जाडी असल्याचाही नाही. मी ढोबळमानाने मोजलं तर बेरीज नऊ-दहाच्या पुढे जात नाही. हिशेबाप्रमाणे मानसिक वय सव्वापाच ते साडेपाच वर्षं! जी आकृती नाचणाऱ्यांच्या गोलात प्रत्येक अंगाचा झोक अचूक पकडते, ती यादीला अर्धवट दिसते. कारण यादी तपशील मोजते आणि वारली रीत हालचाल सांगते.

म्हणून अशा गावातल्या सात वर्षांच्या मुलाने दोन त्रिकोणांचा माणूस काढला तर त्याला ‘मागे’ म्हणण्याआधी थांबायला हवं. त्याने घरच्या भिंतीवर पाहिलेला साचा उचललाय की त्याला अजून तपशील सुचत नाहीत, हे त्या एका चित्रावरून कळणार नाही. कळण्याचा एक साधा मार्ग आहे. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाला शाळेतले सर किंवा बसचा कंडक्टर काढायला सांगा. टोपी, पिशवी, बटणं आली, तर पहिल्या दिवशीचा साधेपणा निवडलेला होता.

आता मुळाशी परत जाऊ. ‘मूल माहीत असलेलं काढतं’ हे वाक्य तरी खरं आहे का? त्यावर पहिली शंका बेडूकमाशाने आणली. पोट न काढणाऱ्या मुलाला पोट माहीत नसतं का? ‘तुझं पोट दाखव’ म्हटलं की तीन वर्षांचं मूलही लगेच हात ठेवतं. क्लेअर गोलोम्ब यांनी मुलांना एकेक अवयव सांगत चित्र काढायला लावलं, तेव्हा एरवी पोट न काढणाऱ्या पुष्कळ मुलांनी ते काढलं. म्हणजे माहिती होती. कुठून सुरुवात करायची, पुढे काय घ्यायचं आणि कागदावर जागा कशी ठेवायची, यात अडचण होती. बेडूकमासा अज्ञानापेक्षा कामाची आखणी दाखवतो.

दुसरी शंका कपाच्या प्रयोगाने आणली. नॉर्मन फ्रीमन आणि जॅनिकून यांनी १९७२ मध्ये पाच ते नऊ वर्षांच्या मुलांपुढे एक कप ठेवला. कान मागे वळवलेला, म्हणून दिसत नाही. पुढच्या बाजूला फूल, ते दिसतं. लहान मुलांनी न दिसणारा कान काढला आणि दिसणारं फूल वगळलं. साधारण आठ वर्षांपासून हे उलटं होत गेलं. इथपर्यंत ल्यूके जिंकला. पण १९८३ मध्ये ॲलिसन डेव्हिस यांनी एकाऐवजी दोन कप शेजारी ठेवले, एकाचा कान दिसणारा, दुसऱ्याचा लपलेला. आता त्याच लहान वयातल्या बऱ्याच मुलांनी लपलेला कान काढला नाही. डोळे तेच, वय तेच. बदललं ते काम. एकटा कप असताना मुलाला वाटतं, ‘हा कप आहे हे कळायला हवं.’ दोन असताना वाटतं, ‘यांच्यातला फरक कळायला हवा.’

या दोन प्रयोगांनंतर टप्प्यांचा अर्थ बदलतो. साचेबद्ध चित्र काढणारं मूल दिसणाऱ्या गोष्टींकडे आंधळं नसतं. चित्र कशासाठी आहे याबद्दलची त्याची समजूत वेगळी असते, आणि परिस्थितीने मागणी केली तर ते रीत बदलू शकतं. वयाबरोबर वाढत जातं ते हे, की मागणी न करताही मूल बघणाऱ्याच्या जागेचा विचार करू लागतं.

तरी शेवटच्या टप्प्याबद्दल एक प्रश्न उरतोच, आणि तो खास महाराष्ट्रातला आहे. ‘दिसतं तसं’ काढणं बारा-तेराच्या वयात येतं असं सगळे तक्ते सांगतात. आपल्याकडे साधारण याच वयात मुलं एलिमेंटरीच्या शासकीय रेखाकला परीक्षेची तयारी करतात. वस्तुचित्रासाठी घडा, तांब्या, पुस्तक समोर मांडतात आणि भांड्याच्या तोंडाची लंबगोल कड कशी पकडायची हे सर हात धरून शिकवतात. मग तेरा वर्षांच्या मुलाच्या चित्रात जे वास्तव आलं, ते वयाने आणलं की परीक्षेने? लोवेनफेल्डचा तक्ता हातात घेऊन हे सांगता येणार नाही, पण तपासता मात्र येईल. एकाच इयत्तेतली परीक्षेला बसणारी आणि न बसणारी मुलं घ्या, तयारीचे वर्ग सुरू होण्याआधी आणि संपल्यावर दोन्ही गटांकडून तोच तांब्या काढून घ्या. आधीचं चित्र घेणं अत्यावश्यक आहे, कारण ज्यांचा हात आधीच चांगला असतो तीच मुलं परीक्षेला बसतात. ते घेतलं नाही तर निवडीचा परिणाम तुम्ही शिकवण्याच्या खात्यावर मांडाल.

असं काम हाती घेतलंत तर तीन गोष्टी सांभाळा. चित्र घेताना शेजारी बसा आणि कोणती रेघ आधी आली, मूल काय पुटपुटलं, हे नोंदवा. तयार कागदावरून क्रम कळत नाही, आणि बेडूकमाशाचा सगळा वाद क्रमाचाच होता. मुलं लांब लांब बसवा. एकाच बाकावरच्या दोन चित्रांत तोच सूर्य आणि तीच टोपी दिसली, तर समजा की नक्कल झालीय. आणि प्रत्येक चित्राला दोन जणांनी स्वतंत्रपणे गुण द्या, दोघांनाही मुलाचं वय आणि शाळा न सांगता. ‘हा सुरगाण्याचा’ एवढं कळलं तरी मोजणाऱ्याचा हात आखडतो किंवा सैल पडतो, आणि मग आकड्यात मुलाच्या मनाऐवजी मोजणाऱ्याचं मन उतरतं.